‘हॅलो’नंतरचे दहा सेकंद

(ठाण्यातील वागळे इस्टेट परिसरात लघुउद्योजक आणि विक्री प्रतिनिधींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, अनोळखी ग्राहकाला फोन केल्यावर त्याने तो लगेच ठेवू नये म्हणून पहिल्या दहा सेकंदांत काय बोलावे, हा आजचा विषय आहे. परंतु त्या दहा सेकंदांपैकी पहिले दोन आपण तोंड उघडण्यापूर्वीच वाया जातात आणि त्यांच्याविषयी प्रशिक्षणात कोणी बोलत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा महापे येथील एका कॉल सेंटरमध्ये होतो. तिथे नंबर आम्ही फिरवत नसू. डायलर नावाची यंत्रणा एकाच वेळी अनेक नंबर लावत असे आणि ज्याने फोन उचलला त्याला मोकळ्या असलेल्या प्रतिनिधीशी जोडून देत असे. ही जोडणी होण्यास एक-दोन सेकंद लागत. आमच्या कानात ‘बीप’ वाजेपर्यंत पलीकडचा माणूस एकदा ‘हॅलो’ म्हणून चुकलेला असे, आणि त्याला ऐकू आलेली असे ती केवळ शांतता. तो पुन्हा ‘हॅलो’ म्हणे, या वेळी वैतागून, आणि नेमके तेव्हा आम्ही हसऱ्या आवाजात ‘नमस्कार सर, कसे आहात?’ असे विचारत असू. त्या शांततेवरूनच हा विक्रीचा फोन आहे हे त्याने ओळखलेले असे. फोन कापला गेला की आमच्या पर्यवेक्षकांकडून ‘आवाजात उत्साह नव्हता’ असा शेरा मिळे. उत्साह कितीही ओतला तरी गेलेले दोन सेकंद परत येत नाहीत, हे मी त्यांना अनेकदा सांगितले. शेवटी एका पाळीत मी रेकॉर्डिंग मागून ऐकले आणि दुसऱ्या ‘हॅलो’चा सूर पहिल्याहून किती कठोर आहे हे त्यांना ऐकवले, तरीही आम्हाला बोलण्यासाठी लिहून दिलेली संहिता बदलली नाही. आजही माझे ठाम मत आहे की कमी पण नेमके फोन करायचे असतील, तर नंबर स्वतः लावावा, रिंग स्वतः ऐकावी आणि पहिल्या ‘हॅलो’ला श्वासभरही न थांबता उत्तर द्यावे.

माझी दुसरी तक्रार ‘आपल्याकडे दोन मिनिटे आहेत का?’ या वाक्याविषयी आहे. हे वाक्य सभ्यपणापोटी शिकवले जाते आणि त्यामागचा हेतूही चांगला असतो. परंतु ऐकणाऱ्याला अजून आपण कोण, कशासाठी, हे काहीच ठाऊक नसते. कारण न सांगता वेळ मागितला की ‘नाही’ हेच उत्तर सर्वांत सोपे असते, आणि ते देऊन फोन ठेवणे शिष्टाचारालाही धरून होते. वेळ विचारायचाच असेल तर कारण सांगून झाल्यावर विचारावा. ‘कसे आहात?’ हा प्रश्नही असाच आहे. ओळखीच्या माणसाने विचारला तर ती विचारपूस वाटते, अनोळखी माणसाने विचारला तर ऐकणारा सावध होतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एअर कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसचा व्यवसाय करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. तो रबाळे एमआयडीसीतील पावडर कोटिंगच्या, म्हणजे धातूच्या वस्तूंवर रंगाची कोरडी पूड गनने फवारणाऱ्या, छोट्या कारखान्यांना फोन करीत असे. त्याची सुरुवात अशी होती : ‘नमस्कार सर, मी अमुक एअर सिस्टीम्समधून बोलतोय, कसे आहात सर? आमची कंपनी गेली अनेक वर्षे कॉम्प्रेसरची विक्री, सर्व्हिस आणि वार्षिक देखभाल या क्षेत्रात कार्यरत आहे…’ आम्ही घड्याळ लावले. दहा सेकंद इथेच संपले, आणि तोपर्यंत कारखानदाराविषयी एक शब्दही निघाला नव्हता. त्याच्या डोक्यात मात्र तीन प्रश्न असतात : कोण बोलतोय, मलाच का फोन केला, आणि हे किती वेळ चालणार. या संहितेत पहिल्याचे अर्धे उत्तर होते, बाकीच्या दोहोंचे काहीच नव्हते.

मी त्याला विचारले की पावडर कोटिंगवाल्याला जुलैमध्ये हवेचा कोणता त्रास होतो. हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. पावसाळी हवेत बाष्प जास्त असते. कॉम्प्रेसरमध्ये दाबलेली हवा पुढे थंड होताना त्याचे पाणी होते, आणि टाकीत साठलेले पाणी आपोआप बाहेर सोडणारा ऑटो ड्रेन अडकलेला असेल तर ते लाइनीत पुढे सरकते. मग पावडर ओलसर होते, गनमधून गुठळ्या उडतात आणि रंगवलेला माल पुन्हा रंगवावा लागतो. त्याच्या सुरुवातीत हेच यायला हवे होते. नवी सुरुवात अशी झाली :

‘नमस्कार साहेब, मी अमुक, रबाळ्यात कॉम्प्रेसरची सर्व्हिस करतो, आपली ओळख नाही. पावसाळ्यात लाइनीत पाणी येऊन पावडरच्या गनमधून गुठळ्या उडतात, त्यासाठी फोन केला. आपल्याकडे असं होतं का?’

हे सव्वीस शब्द घाई न करता बोलले तर सुमारे दहा सेकंदांत बसतात. ‘आपली ओळख नाही’ हे तीन शब्द त्याला नको होते, मी आग्रह धरला. ऐकणारा ‘हा कोण, कुठे भेटला होता’ हे आठवण्यात गुंतला तर पुढचे वाक्य त्याच्या कानावरून जाते. शिवाय खोटी जवळीक उघडी पडली की फोन तिथेच संपतो. शेवटचा प्रश्नही पाहा, तो वेळेविषयी नाही, कारखान्याविषयी आहे. ‘होतं, पण आम्ही ड्रायर लावलाय’ असे उत्तर आले तर बोलणे सुरू झाले, कारण ड्रायरकडे जाणाऱ्या टाकीचा ड्रेन शेवटचा कधी तपासला, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. ‘नाही होत’ असे उत्तर आले तर आभार मानून फोन ठेवावा. त्या कारखान्याला हे कारण लागू नव्हते, आणि ते दहा सेकंदांत कळले.

सभागृह सातला रिकामे करायचे आहे, त्यामुळे उरलेले भरभर सांगतो. भाषेबाबत, समोरच्याने ‘हॅलो’नंतर जी भाषा वापरली तीच धरावी, पण या पट्ट्यात सुरुवात मराठीत करण्यास कचरू नये. फोन मालकाऐवजी सुपरवायझरने उचलला तर तेच वाक्य त्यालाही सांगावे. गुठळ्यांचा त्रास मालकापेक्षा त्यालाच जास्त असतो. नियमांबाबत, ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१८ च्या नियमांनुसार जाहिरातीचे फोन नोंदणी करून, त्यासाठी ठरवून दिलेल्या १४० च्या मालिकेतील नंबरावरूनच करायचे असतात. साध्या मोबाइलवरून केलेल्या फोनची तक्रार १९०९ वर झाली तर आपला नंबर बंद होऊ शकतो. १४० पाहून काही जण फोन उचलणारच नाहीत. त्यावर कोणत्याही सुरुवातीचा इलाज नाही.

शेवटी वही. प्रत्येक कापलेल्या फोनपुढे तो कुठे कापला गेला ते लिहावे : नावाआधी, नावानंतर, की कारण ऐकल्यावर. नावाआधी कापले जात असतील तर दोष उशिरा उत्तर देण्यात किंवा डायलरमध्ये आहे. नावानंतर कापले जात असतील तर कंपनीची ओळख लांबली आहे. आणि कारण ऐकून कापले जात असतील तर वाक्य ठीक आहे, नंबरांची यादी चुकीची आहे. त्या तरुणाच्या वहीत जुन्या संहितेच्या फुल्या बहुतेक मधल्या रकान्यात होत्या. नव्या सुरुवातीनंतर त्या तिसऱ्या रकान्यात सरकल्या, तेव्हा त्याने यादीतून ज्यांच्याकडे पावडर नव्हे तर ओला रंग मारतात असे कारखाने वेगळे काढले आणि त्यांच्यासाठी कारणाचे दुसरे वाक्य लिहायला घेतले.