पोटाची चरबी आणि टेस्टोस्टेरॉन: रिपोर्ट नीट वाचूया

नमस्कार मंडळी. आज पुरुषांच्या एका रिपोर्टबद्दल बोलायचंय, ज्यात टेस्टोस्टेरॉन कमी आलेलं असतं आणि सोबत पोटही सुटलेलं असतं. मग कुणीतरी सांगतं की पोटाची चरबी तुमच्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करून टाकते, म्हणून हे झालंय. यात तथ्य आहे, पण गोष्ट इथेच संपत नाही.

चरबीच्या पेशींमध्ये अ‍ॅरोमाटेज नावाचं एंझाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनपासून एस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार, तयार करतं. पुरुषांच्या मेंदूला हे इस्ट्रोजेन वाढलेलं जाणवलं की पिट्युटरी ग्रंथी एलएच हा हार्मोन कमी सोडते, आणि एलएच कमी झाला की वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायचा निरोपच कमी जातो. थिअरी इथपर्यंत बरोबर आहे. पण गंमत अशी की पोट सुटलेल्या कितीतरी पुरुषांच्या रक्तात इस्ट्रोजेन तपासलं तर ते वाढलेलं दिसतच नाही, म्हणजे सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.

खरी ग्यानबाची मेख आहे लिव्हरमध्ये. लिव्हर एसएचबीजी नावाचं प्रोटीन बनवतं, ते रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून फिरतं, आणि पोटाची चरबी वाढली, इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की लिव्हर हे प्रोटीन कमी बनवतं. धरून ठेवणारं प्रोटीनच कमी, म्हणून रिपोर्टमधलं टोटल टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं, पण मोकळं फिरणारं, पेशींना थेट मिळणारं फ्री टेस्टोस्टेरॉन मात्र ठीक असू शकतं. नुसता टोटलचा आकडा बघून घाबरून इंजेक्शनकडे धावणाऱ्यांना हे कुणी सांगतच नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा ४२ वर्षांचा माणूस आहे, वजन १०८ किलो, टोटल टेस्टोस्टेरॉन आलं २४० नॅनोग्राम प्रति डेसिलिटर, जे ३०० च्या खाली म्हणून कमी धरतात. डॉक्टरांनी एसएचबीजी करून घेतलं तर ते फक्त १४, आणि हिशोब करून फ्री काढलं तर साधारण ७ नॅनोग्राम, म्हणजे खालच्या टोकाला पण नॉर्मलमध्येच. एलएचही नॉर्मल. आता या माणसाने वर्षभरात ११ किलो कमी केले, म्हणजे १० टक्के, आणि परत तपासलं तर टोटल ३१०, एसएचबीजी २४, आणि फ्री? जवळपास तेवढंच, सात-सव्वासात. म्हणजे जे वाढलं ते मुख्यतः धरून ठेवणारं प्रोटीन वाढल्यामुळे.

आणि अभ्यासांमध्येही साधारण असंच चित्र दिसतं, डाएटने १० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं की टोटल सरासरी ८० च्या आसपासने वाढतं, पण फ्री टेस्टोस्टेरॉन आणि एलएच खरोखर हलायला १५ टक्के किंवा जास्त उतरावं लागतं. बेरियाट्रिक सर्जरीने ३० टक्क्यांच्या आसपास वजन गेलं तर टोटल सरासरी २५० च्या आसपासने वाढलेलं दिसलंय. तेव्हा वजन कमी केल्याने हार्मोन वाढतं का, तर हो, वाढतं, पण दोन-चार किलोंत थकवा जाईल, कामेच्छा परत येईल असं गृहीत धरू नका. लठ्ठपणा फारच जास्त असेल तर मात्र फ्रीसुद्धा कमी येतं, एलएच वाढायच्या ऐवजी कमी किंवा नुसता नॉर्मल राहतो, आणि अशा माणसाला वजन उतरवण्याचा फायदा जास्त होतो.

एलएच जास्त आणि टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर मात्र पोटाला दोष देऊन बसू नका, बिघाड वृषणात असू शकतो. आणि टेस्टोस्टेरॉन फारच कमी, एलएचही कमी, सोबत डोकेदुखी किंवा नजरेत फरक असेल तर पिट्युटरी तपासायलाच हवी. मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन स्वतःहून अजिबात घेऊ नका, बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू एलएच बंद करतो आणि शुक्राणू बनणं थांबू शकतं.

टेस्ट सकाळी लवकर, उपाशीपोटी, आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा करा, कारण दिवस चढतो तसं टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि खाल्ल्यानंतरही खाली येतं. आणि अगदी कडक डाएट चालू असताना तर करूच नका, उपासमार झाली की शरीर स्वतःच टेस्टोस्टेरॉन तात्पुरतं कमी करतं, मग एवढी मेहनत करूनही आकडा उलट खाली गेलेला बघून माणूस खचतो. वजन काही आठवडे एका जागी स्थिर राहू द्या, मग रक्त द्या.