ग्लास दाबला तरी जात नाही तो डाग

बसा बसा, मागं जागा हाय अजून. तर आपल्या सोलापुरात पारा चाळीसच्या वर गेला की प्रत्येक पोराच्या अंगावर काही ना काही उठतंच, त्यामुळे पुरळ दिसलं की आपण घामोळं म्हणून मोकळे होतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतंय.

पण एक केस सांगतो. चार वर्षांची मुलगी, वडील चादरीच्या कारखान्यात, सकाळपासून १०३ ताप. मानेवर बारीक लाल पुरळ, आजी म्हणाली गोवर आहे, अंगारा लावा. मी साधा काचेचा ग्लास मागितला, कडेची बाजू मानेवर घट्ट दाबली, काचेतून बघितलं तर लाली गायब! ती घामोळीच होती. मग मोजे काढले. घोट्याजवळ तीन जांभळे ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे, त्यावर ग्लास दाबला तर जसेच्या तसे. अंग तापलेलं आणि पाय मात्र गार, पोरगी पाय दुखतात म्हणून हात लावू देईना.

असं का होतं, तर साध्या पुरळात रक्त शिरेतच असतंय, बारीक शिरा फक्त फुगलेल्या असतात, दाबलं की रक्त बाजूला सरकतं. जांभळ्या ठिपक्यात रक्त शिरेबाहेर, चामडीत झिरपलेलं असतं, ते दाबून कुठं जाणार? मेनिंगोकोकस नावाचा जंतू रक्तात शिरला की शिरांच्या भिंतीच खराब करतो, म्हणून हे होतं. पेनानं मी ठिपक्यांभोवती गोल काढले. गाडीत बसवेपर्यंत गोलाबाहेर नवीन ठिपके आले होते, दवाखान्यात पोचलो तोवर एक ठिपका रुपयाएवढा झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता शिरेतून अँटिबायोटिक दिलं, म्हणून वाचली.

आता हे नीट ऐका, ग्लासवर सगळं सोडू नका. हा आजार सुरू होताना पुरळ दाबल्यावर जाणारंही असू शकतं, कधीकधी पुरळ येतच नाही. म्हणजे ताप आहे आणि पोरगं सुस्त, पाय गार, श्वास जोरात, तर ग्लास काय म्हणतोय ते बघू नका, निघा. पुरळ गेलं तरी थोड्या वेळानं परत दाबून बघा. सावळ्या अंगावर ठिपके पटकन दिसत नाहीत, तळपाय, तळहात, पापणीची आतली बाजू, तोंडातली टाळू बघा. आणि न जाणारे ठिपके म्हणजे हाच आजार असंही नाही, डेंग्यूतही येतात, साध्या व्हायरल तापातही चार-दोन दिसतात, खूप उलट्या-खोकला झाला तर तोंडा-मानेवर येतात. पण ते घरी ठरवायचं नाही, ताप आणि असे ठिपके एकत्र दिसले की रात्र असली तरी लगेच दाखवायचं. आणि तापाला पॅरासिटामॉलच, डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो.

काय म्हणालात ताई? घरी सगळे स्टीलचेच ग्लास? मग डब्याचं पारदर्शक झाकण चालतंय, काचेची साधी बाटली चालते. टपरीवरचा रेघारेघांचा ग्लास मात्र नको, त्यातून नीट दिसत नाही.