सहा लाखांचे पन्नास हजार होत नाहीत

(तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार. मी पुण्यात बावीस वर्षं पगारपत्रकं केली. म्हणजे दर महिन्याला कुणाच्या खात्यात किती जमा होणार, ते काढायचं काम. या काळात मला सगळ्यात जास्त फोन कामगारांचे आले नाहीत, त्यांच्या वडिलांचे आले. कुठून तरी ऑफिसचा नंबर मिळवायचे आणि विचारायचे, "मॅडम, आमच्या पोराचा पगार नक्की किती हो?" त्यामागची शंका मला कळायची. पोराने घरी सहा लाखांचं पॅकेज सांगितलेलं असतं. वडील लगेच बाराने भाग देतात, महिना पन्नास हजार. पहिल्या महिन्यात पोरगा म्हणतो की छत्तीस हजार आठशे आले. मग घरात कुजबुज सुरू होते की वरचे तेरा हजार गेले कुठे. पोरगा लपवतोय का, पुण्याला जाऊन काही नाद लागला का.

दोघंही खरं बोलत असतात. फक्त ऑफर लेटर इंग्रजीत असतं, आणि पोराने ते वाचून दाखवलेलं असतं, समजावून सांगितलेलं नसतं. आज तेवढंच करू. समोर एक ऑफर लेटर ठेवलंय असं समजा. आकडे मी हिशेबाला सोपे घेतलेत, पण मांडणी खरीच आहे.

पहिल्या पानावर ठळक अक्षरांत सीटीसी सहा लाख. सीटीसी म्हणजे कॉस्ट टू कंपनी. मराठीत सांगताना याला 'वार्षिक पगार' म्हणू नका, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. 'माझ्यापायी कंपनीला वर्षाला पडणारा खर्च' असं सांगा. तुमच्यापैकी निम्म्या घरात ऊस असेल. सरकार उसाचा दर जाहीर करतं, पण त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा होते, मग सोसायटीची वसुली, आणि उरलेलं बिल खात्यावर येतं. जाहीर दराला टनाने गुणून कुणी ट्रॅक्टर बुक करत नाही. सीटीसी हा जाहीर दर आहे. फरक इतकाच की तोडणीचे पैसे तोडणीवाल्याकडे जातात, इथे मात्र वजा झालेला बराच पैसा पोराच्याच नावावर कुठेतरी असतो. कुठे असतो, ते महत्त्वाचं.

म्हणून मी मुलांना एक सवय लावायचे. पत्रातल्या प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलने लिहा, हा पैसा कधी मिळणार आणि कशावर अवलंबून आहे. शब्दाचा अर्थ शब्दकोशात बघून घरच्यांना काही कळत नाही. 'कधी' सांगितलं की कळतं.

आता सहा लाख फोडू. त्यात साठ हजार व्हेरिएबल पे आहे. हा वर्षातून एकदा किंवा दोनदा मिळतो, तोही कंपनीचं आणि तुमचं काम बघून. पत्रात साठ लिहिलेत, ते शंभर टक्के दिले तरचे. चाळीस हजार मिळतील, कधी काहीच मिळणार नाही. घरी सांगताना हा आकडा बाजूला ठेवा आणि 'आला तर दिवाळी' म्हणा. याच्यावर हप्ता ठरवू नका.

दुसरे साठ हजार असे आहेत की ते पगारपत्रकाच्या कमाईत दिसतच नाहीत. यात छत्तीस हजार कंपनीचा पीएफ, १४,४३० ग्रॅच्युइटी आणि ९,५७० आरोग्य विम्याचा हप्ता. विम्याचं एक ठीक आहे, कुणी आजारी पडलं तर उपयोग. फक्त त्यात आईवडील धरलेत का, ते विचारून घ्या, पुष्कळ ठिकाणी नसतात.

ग्रॅच्युइटीवर मात्र थांबू, कारण इथे मुलंही फसतात. आपल्या पत्रात बेसिक, म्हणजे मूळ पगार, महिना पंचवीस हजार आहे. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा मूळ पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. पंचवीस हजार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, म्हणजे वर्षाचे साधारण १४,४२३ रुपये. कंपन्या हेच बेसिकच्या ४.८१ टक्के असं लिहितात, म्हणून आपल्या पत्रात १४,४३० आलं. पण कायम नोकरीत हे पैसे मिळायला सलग पाच वर्षं पूर्ण करावी लागतात. तिसऱ्या वर्षी पोरगा दुसरीकडे गेला, आणि आजकाल जातातच, तर एक रुपया मिळत नाही. म्हणजे पॅकेजमध्ये दरवर्षी मोजलेली ही रक्कम बहुतेक मुलांना कधी दिसतच नाही. मला स्वतःला हे पहिली नोकरी चार वर्षांनी सोडताना कळलं. पगारपत्रकं करणारी बाई असून!

आता उरले चार लाख ऐंशी हजार. बाराने भागा, चाळीस हजार. हा ग्रॉस. ग्रॉसला मराठीत 'एकूण पगार' म्हणतात, पण घरी तसं सांगू नका, सीटीसीही एकूणच वाटतो. 'कापण्याआधीचा महिन्याचा पगार' म्हणा. यात बेसिक पंचवीस हजार, घरभाडे भत्ता दहा हजार आणि स्पेशल अलाउन्स पाच हजार. स्पेशल या शब्दात विशेष काही नाही, बेरीज जुळवायला राहिलेली रक्कम तिथे टाकतात.

चाळीसमधून काय कापलं जातं? पोराचा स्वतःचा पीएफ, बेसिकच्या बारा टक्के, तीन हजार. प्रोफेशनल टॅक्स दोनशे. इन्कम टॅक्स सध्याच्या नव्या पद्धतीत या पगाराला लागत नाही. पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर शून्यच. राहिले ३६,८००. हा इन हँड, हातात पडणारा.

आता तुमचे तेरा हजार दोनशे मोजा. व्हेरिएबलचे महिन्याला पाच हजार, ते वर्षअखेर बघू. कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून पाच हजार. स्वतःचा पीएफ तीन हजार. सरकारला दोनशे. पोराने कुठे उडवले नाहीत.

उलट यातले महिन्याला सहा हजार, तीन त्याचे आणि तीन कंपनीचे, त्याच्या पीएफ खात्यात साठतात. वर्षाला बहात्तर हजार, वर व्याज. पहिलीच नोकरी आणि बेसिक पंधरा हजारांच्या वर असेल तर पेन्शन योजनेत वाटणी होत नाही, सगळे पीएफमध्येच जातात. पोराला एक यूएएन नंबर मिळतो, त्यावर पासबुक दिसतं. दोन-तीन महिन्यांनी ते एकदा उघडून बघायला सांगा. पगारपत्रकात कापलेले दिसतात आणि पासबुकात नाहीत, तर पैसे भरलेले नाहीत. तेव्हा लगेच विचारायचं, वर्षाने नाही.

आता प्रोबेशन. हा शब्द घरी सांगितला की आई विचारते, "म्हणजे तात्पुरता का रे?" आणि घरात कुणी शिक्षक असेल तर त्यांना शिक्षणसेवक आठवतो. तीन वर्षं मानधनावर, मग वेतनश्रेणी. ही तुलना डोक्यात बसली की मुलाला अर्धा पगार मिळतोय असं वाटतं. कंपनीतलं प्रोबेशन तसं नसतं. पगार पहिल्या दिवसापासून पूर्ण, पीएफही पहिल्या महिन्यापासून, आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षंसुद्धा रुजू झाल्या तारखेपासून मोजतात. बदलतं ते नोकरी सोडण्याचं आणि काढण्याचं कलम. आपल्या पत्रात प्रोबेशन सहा महिने आहे आणि त्या काळात नोटीस पंधरा दिवसांची, नंतर साठ दिवसांची. म्हणजे या सहा महिन्यांत कंपनी पंधरा दिवसांत निरोप देऊ शकते, आणि पोरगाही पंधरा दिवसांत निघू शकतो. दार दोन्ही बाजूंनी हलकं असतं.

एक गोष्ट मात्र बघा. सहा महिने संपले की आपोआप पर्मनंट झालो, असं मुलं धरून चालतात. पत्रात काय लिहिलंय ते वाचा. 'लेखी कळवल्याशिवाय कन्फर्म झाला असे समजू नये' असं वाक्य पुष्कळ पत्रांत असतं, आणि प्रोबेशन वाढवायची मुभाही असते. तेव्हा सातव्या महिन्यात कन्फर्मेशनचं पत्र मागायचं. मागायला लाजायचं काही नाही, कित्येकदा ते कुणी काढायचंच विसरलेलं असतं.

राहिली इन्क्रिमेंट. सरकारी घरात वेतनवाढ म्हणजे मूळ वेतनावर वर्षाला तीन टक्के, न मागता, शिवाय महागाई भत्ता वेगळा. खासगीत महागाई भत्ता बहुधा नसतो आणि वाढ किती, हे पत्रात जवळजवळ कधीच नसतं. 'कंपनीच्या मर्जीनुसार, वार्षिक आढाव्यानंतर' एवढंच असतं. तारीखही बघा. आपलं पत्र म्हणतं, आढावा एप्रिलमध्ये आणि ३० सप्टेंबरपूर्वी रुजू झालेल्यांनाच. पोरगा ऑक्टोबरच्या पाच तारखेला रुजू झाला, तर पहिली वाढ दीड वर्षाने! शक्य असेल तर आठवडाभर आधी रुजू व्हा.

आणि वाढ आठ टक्के झाली, तर वडील म्हणणार सहा लाखांवर अठ्ठेचाळीस हजार, महिना चार हजार. तसं होत नाही. सगळ्या ओळी आठ टक्क्यांनी वाढल्या असं धरलं, तर ग्रॉस ४३,२०० होतो, पीएफ ३,२४० कापला जातो, दोनशे टॅक्स, आणि हातात ३९,७६०. म्हणजे वाढ २,९६० रुपयांची. सांगताना हाच आकडा सांगा.

(शेवटी एका पालकांनी वहीतून विचारलं, "मॅडम, आमच्या पुतण्याला फेब्रुवारीत शंभर रुपये कमी येतात. ते का?")

छान, तुम्ही पगारपत्रक बघता. तो प्रोफेशनल टॅक्स. वर्षाला अडीच हजारांपेक्षा जास्त हा कर घेता येत नाही, ती मर्यादा घटनेतच आहे. अकरा महिने दोनशे म्हणजे बावीसशे. उरलेले तीनशे महाराष्ट्रात फेब्रुवारीत घेतात. म्हणजे फेब्रुवारीला आपल्या पोराच्या हातात ३६,७०० येणार. त्या शंभराचा जाब त्याला विचारू नका.