बायोडेटा एकच, अर्ज अनेक

श्रोते हो, नमस्कार.

हल्ली नोकरी शोधणारा माणूस एका आठवड्यात तीन-चार वेगवेगळ्या जागांसाठी अर्ज करतो. एका जाहिरातीत जीएसटी आणि टॅली येणारा माणूस हवा असतो, दुसरीत स्टोअर सांभाळणारा, तिसरीत एक्सेलवर रिपोर्ट काढणारा. आणि आपल्या लहान कारखान्यांतून ही तिन्ही कामं एकाच माणसाने केलेली असतात. मग तो तीन बायोडेटा करतो. त्यात वाईट काही नाही. जाहिरात वाचून त्याप्रमाणे बायोडेटा बदलावा, या मताचा मी आहेच. अडचण पुढे येते. हे तीन कागद एकमेकांशी भांडायला लागले की काय होतं, ते मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून पाहिलंय. आज तेच सांगतो.

कोल्हापूरच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं कार्मिक विभागात होतो. मुलाखती घ्यायला आम्ही तिघे बसायचो. अकाउंट्सचे एक साहेब, स्टोअर्स-परचेसचे एक आणि मी. एकदा दोन जागा निघाल्या, एक अकाउंट्सची आणि एक स्टोअर्सची. दोन्ही मुलाखती एकाच दिवशी ठेवल्या होत्या. अर्ज दोन वाटांनी आले, काही थेट ईमेलवर आणि काही कन्सल्टन्सीकडून. शिपायाने दोन गठ्ठे टेबलावर ठेवले, आणि एका मुलाचा बायोडेटा दोन्ही गठ्ठ्यांत निघाला.

मुलगा फाउंड्रीत काम केलेला, बी. कॉम., चुणचुणीत. पहिल्या कागदावर त्याचं पद होतं अकाउंट्स असिस्टंट, काळ जून 2018 ते मार्च 2022. दुसऱ्यावर पद स्टोअर्स कोऑर्डिनेटर आणि काळ ऑगस्ट 2018 ते मार्च 2022. कंपनी तीच! पहिल्यावर हाताखाली दोन माणसं, दुसऱ्यावर चार. पहिल्यावर महिन्याला दीडशे बिलं तपासतो, दुसऱ्यावर महिन्याला दोनशे वीस पावत्यांचा माल उतरवून घेतो. अकाउंट्सचे साहेब स्वभावाने तिरकस. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि अगदी शांतपणे विचारलं, "बस बाळ. तुम्हा दोघांपैकी आज कोण आलंय?"

आम्ही हसलो, पण पोराच्या तोंडचं पाणी पळालं.

आता गंमत ऐका. त्या मुलाने एकही गोष्ट मुद्दाम खोटी लिहिली नव्हती. हे मला नंतर कळलं, कारण पंधरवड्याने तो आपली सगळी कागदपत्रं घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, काढ नेमणूकपत्र. त्यावर पद काय असेल? ऑफिस असिस्टंट! म्हणजे तो ना अकाउंट्स असिस्टंट, ना स्टोअर्स कोऑर्डिनेटर. दोन्ही पदं त्याने कामावरून स्वतःच ठरवलेली. जूनमध्ये तो प्रशिक्षणार्थी म्हणून लागला, तेव्हाचे पैसे व्हाउचरवर मिळाले. पगारपत्रकावर आणि पीएफमध्ये नाव चढलं ऑगस्टमध्ये. म्हणजे दोन्ही महिने खरे. हाताखालची माणसं? स्टोअरचे दोन मदतनीस त्याचे, आणि ट्रक खाली करणारे दोघे कंत्राटदाराचे. त्यांना तो कामं सांगायचा, पण हजेरी कंत्राटदाराची. राहिली बिलं आणि पावत्या. माल आला की स्टोअरमध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती होते, आणि काही पुरवठादार दोन-तीन चलनांचं मिळून एकच बिल देतात. म्हणून जीआरएन दोनशे वीस आणि बिलं दीडशे. हिशोब चोख होता. पण हे सगळं मुलाखतीत, तिघांसमोर, घाम पुसत कोण सांगणार? त्याला ते सुचलं नाही, आणि आम्हालाही त्या दिवशी ते ओढून काढायला वेळ नव्हता. दोन्ही जागा दुसऱ्यांना गेल्या.

आणखी एक. अकाउंट्सच्या कागदावर लिहिलं होतं, "2018 पासून जीएसटीआर-टूबीची मिळवणी". साहेबांनी त्यावर लाल पेन्सिलीने गोल केला होता. टूबी हे पत्रक, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची महिन्याची यादी, जीएसटी पोर्टलवर आलंच 2020 मध्ये. त्याआधी हा मुलगा टूए या आधीपासूनच्या पत्रकावरून मिळवणी करायचा. नवा शब्द सुचला, तोच जुन्या वर्षांनाही लावून टाकला. असला विसंवाद दुसऱ्या कागदाशी नसतो, तर थेट कॅलेंडरशी असतो, आणि त्या कामातला माणूस तो क्षणात पकडतो.

मग आम्ही काय केलं? आधी मूळ बायोडेटा तयार केला. हा मूळ बायोडेटा कुणालाही पाठवायचा नाही, बरं का. पुन्हा सांगतो, मूळ बायोडेटा कुणालाही पाठवायचा नाही. शेताचा सातबारा जसा एक, तसा हा एक. चार पानं होऊ देत, सहा होऊ देत. त्यात प्रत्येक नोकरीचं कंपनीचं नाव पत्रावर आहे तसंच, पद पत्रावर आहे तेच, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पीएफमध्ये दिसणारी तारीख, आणि त्या दोन तारखांत फरक असेल तर तो का, याची एक ओळ. पीएफ पोर्टलवर आपल्या यूएएन क्रमांकाने आत गेलं की सर्व्हिस हिस्ट्री दिसते. ती एकदा उघडून बघाच. कारण नवीन कंपनी पार्श्वभूमी तपासते तेव्हा तीही बहुधा हीच हिस्ट्री आणि तुमचं रिलीव्हिंग लेटर मागते.

मग केलेलं प्रत्येक काम, आणि त्यापुढे आकडा कुठून आला ते. "जीआरएन सुमारे 220, स्टोअर रजिस्टरवरून." "बिलं सुमारे 150, पुरवठादार एकत्र बिल देतात म्हणून कमी." "मदतनीस 2, कंत्राटी कामगार यात धरलेले नाहीत." "टूए सुरुवातीपासून, टूबी 2020 पासून." अशा ओळी. दिसायला रूक्ष, पण मुलाखतीच्या आदल्या रात्री वाचायला याच हव्यात.

त्या मुलाचा एकूण अनुभवही एका कागदावर "सुमारे चार वर्षं" आणि दुसऱ्यावर "साडेतीन वर्षं" असा होता. ऑगस्टपासून मार्चअखेर धरला तर तो होतो तीन वर्षं आठ महिने. जूनपासून धरला तर तीन वर्षं दहा महिने. पहिल्या दोन महिन्यांचा कागद हातात नाही, म्हणून आम्ही ठरवलं की अनुभव तीन वर्षं आठ महिनेच लिहायचा, आणि खाली वेगळी ओळ, "त्याआधी दोन महिने तिथेच प्रशिक्षणार्थी". दोन महिने गेले म्हणून तो हळहळला. मी म्हटलं, विचारलं तर तोंडाने सांग, कागद मागितला तर अडकू नकोस.

आता या मूळ कागदातून जाहिरातीप्रमाणे प्रत काढायची. त्याचा नियम लक्षात ठेवा: कापायचं, पुढेमागे करायचं, पण वाढवायचं नाही. एखादी गोष्ट वाढवायचीच असेल, तर ती आधी मूळ कागदात लिहायची, आकडा कुठून आला ते लिहायचं, आणि मगच प्रतीत आणायची. प्रतीवरून प्रत कधीच काढायची नाही. तिथेच सगळा घोळ सुरू होतो.

त्या मुलाच्या दोन्ही प्रतींवर आता पद एकच आहे, ऑफिस असिस्टंट, आणि त्याखाली एक ओळ, "काम: खरेदीची बिलं, जीएसटी आणि स्टोअर". अकाउंट्सच्या प्रतीत पहिली ओळ येते, "महिन्याला सुमारे 150 खरेदी बिलं, परचेस ऑर्डर आणि जीआरएनशी ताडून टॅलीत नोंद". स्टोअर्सच्या प्रतीत पहिली ओळ, "महिन्याला सुमारे 220 जीआरएन, दोन मदतनिसांसह", आणि बिलांची ओळ खाली चौथ्या जागी, पण तिथेही दीडशेच. ही एवढी ओळ पहिल्या खेपेला स्टोअर्सच्या कागदावर असती, तर दोन्ही आकडे साहेबांसमोर एकत्र आले असते आणि प्रश्न तिथेच मिटला असता. एका प्रतीत जीएसटीला तीन ओळी, दुसरीत अर्धी. पदं, तारखा, आकडे, पगार, नोटिस पिरियड मात्र दोन्हीकडे अक्षरशः सारखे.

जाता जाता एक सांगू का? बायोडेटात उंची, वजन, वडिलांचा व्यवसाय कशाला लिहिता? ते लग्नाच्या बायोडेटात ठीक. आणि झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेताना आधीच्या गिऱ्हाइकाच्या फाइलवरच तुमचं नाव टाकतात, मग अकाउंट्सच्या माणसाच्या "ऑब्जेक्टिव्ह"मध्ये वेल्डिंगमध्ये प्रावीण्य मिळवायचं असतं. मी असे कागद हातात घेतलेत! खाली ते "आय हियरबाय डिक्लेअर"ही असतं, आणि त्याखाली तारीख दोन वर्षांपूर्वीची. माझं ऐकाल तर ते काढूनच टाका.

तर, प्रती काढल्या की एक वही घालायची. तारीख, कंपनी, कोणती जागा, कुणामार्फत आणि कोणती प्रत गेली. फाइलच्या नावातही जागा आणि महिना टाकायचा, आणि पाठवलेली पीडीएफ पुसायची नाही. कारण फोन येतो तीन आठवड्यांनी. तो मुलगा पुढे एसटीत असताना त्याला कन्सल्टन्सीचा फोन आला, "तुमचा प्रोफाइल पाहिला, टीम किती जणांची होती?" त्याने आधी विचारलं, "साहेब, कोणत्या जागेसाठी?" आणि मग सांगितलं, दोन. कोणतीही प्रत समोर असती, तरी उत्तर तेच आलं असतं. त्या जागेवर त्याचं काम झालं.

एक गोष्ट राहिली. नोकरीच्या पोर्टलवर तुमचं प्रोफाइल सगळ्यांना एकच दिसतं. तिथे अकाउंट्सची किंवा स्टोअर्सची प्रत न चढवता दोन्ही कामं सारख्या वजनाने सांगणारी एक सर्वसाधारण प्रत ठेवा, आणि तिथे भरलेले अनुभवाचे महिने मूळ कागदाशी ताडून बघा. कारण तुमची खास प्रत हातात घेऊन बसलेला माणूस दुसऱ्या खिडकीत तेच प्रोफाइल उघडतो. आणि एकाच कंपनीत दोन जागांना अर्ज करायचा असेल, तर ते लपवू नका. ईमेलमध्येच लिहा की स्टोअर्सच्या जागेसाठीही मी अर्ज केला आहे, कारण मी दोन्ही कामं केली आहेत. असं लिहिलेलं असतं, तर आमच्या साहेबांना तो प्रश्न विचारायची संधीच मिळाली नसती.

वेळ संपली आहे. नमस्कार.