जादा तासांबद्दल आभार, आणि गणितात राहिलेल्यांसाठी

 आमच्या शाळेतील दहावीच्या वर्गात फळ्यावर भूमितीची आकृती आहे आणि तिच्याखाली पक्ष, साध्य, सिद्धता असे तीन शब्द लिहिले आहेत. यंदा शाळेचा निकाल उत्तम लागला, त्याबद्दल पालक-शिक्षक संघ आपल्या शिक्षकांचे मनःपूर्वक आभार मानतो, कारण या निकालामागे शाळा भरण्यापूर्वी घेतलेले जादा तास आहेत.

गणिताच्या लेखी परीक्षेत बीजगणित आणि भूमिती यांना प्रत्येकी 40 गुण असतात. आमच्या मुलांचे गुण जायचे ते बहुतेक भूमितीत. प्रमेय पाठ असायचे, पण आकृतीत काय दिले आहे आणि काय सिद्ध करायचे आहे हे वेगळे न लिहिताच मुले सिद्धतेला हात घालत. जादा तासांत शिक्षकांनी नवे काही शिकवले नाही. प्रत्येकाची वही जवळ घेऊन प्रत्येक पायरीसमोर तिचे कारण लिहून घेतले, आणि कारण देता येईना तिथे थांबून मागची इयत्ता पुन्हा उघडली. पूर्वपरीक्षेत काठावर असलेल्या मुलांना याचा सर्वाधिक लाभ झाला, असे आम्हा पालकांना वाटते.

तरीही काही मुले गणितात अनुत्तीर्ण झाली, आणि त्यांचा उल्लेख टाळून आभार मानणे आम्हाला योग्य वाटत नाही. यांपैकी बरीच मुले एस.टी.ने येतात. सुरुवातीला तास संध्याकाळी होते, आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून त्यांना अर्ध्यातून उठावे लागे. शिक्षकांनी तास सकाळी घेतले, पण तोवर पूर्वपरीक्षा उरकली होती. अपूर्णांक आणि चिन्हांचे नियमच कच्चे असलेल्या मुलाला वर्गसमीकरण सोडवण्याइतकी तयारी उरलेल्या आठवड्यांत करता येणे अवघड होते. ही मुले आळशी नव्हती, हे त्यांच्या वह्या पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्यांच्या पालकांना सांगायचे आहे की एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो, आणि पुरवणी परीक्षा याच वर्षी, पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सुमारास होते. तिचा अर्ज शाळेमार्फतच भरायचा असतो. गुणांबद्दल शंका असल्यास आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, कारण ती हाती आल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही. छायाप्रत शिक्षकांनाही दाखवावी, म्हणजे गुण नेमके कोणत्या पायरीवर गेले ते कळेल आणि पुरवणीची तयारी तिथूनच सुरू करता येईल.

शिक्षकांना आमची विनंती आहे की पुरवणी परीक्षेपर्यंत सकाळचा तास या मुलांसाठी चालू ठेवावा, आणि येत्या वर्षी सकाळचे जादा तास पूर्वपरीक्षेनंतर नव्हे, तर पहिल्या घटक चाचणीनंतर लगेच, एस.टी.च्या वेळा पाहून ठरवावेत. वर्ग उघडण्यासाठी आणि मुलांना थांब्यावरून आणण्यासाठी पालक आळीपाळीने येतील.