एक जादा टोचणी

(दृश्य: गरोदर बायांची ओपीडी, सकाळ. बाकं भरलेली, हातात केसपेपर.)

रांग दारातून जिन्यापर्यंत गेली आहे. यातल्या प्रत्येकीचं रक्त आज तपासायचंच आहे. दंडातून दोन मिली रक्त, जांभळ्या टोपणाची नळी, मग लॅब. रिपोर्ट दुपारनंतर मिळतो, आणि तोवर लांबून आलेली बाई एसटीत बसलेली असते.

इथल्या एका निवासी डॉक्टरांचा प्रबंध याच अडचणीवर आहे. बोटातल्या थेंबावर लगेच हिमोग्लोबिन दाखवणारं एक छोटं यंत्र लॅबच्या आकड्याच्या किती जवळ जातं, एवढाच प्रश्न. १२० बाया, सहा महिने. पण पहिलं बोट टोचण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि अर्जाला जोडलेल्या दोन पानी सारांशात चार गोष्टी सांगाव्या लागतात: कोण सहभागी होणार, त्यांना धोका काय, संमती कशी घेणार, माहिती कुठे ठेवणार.

(दृश्य: बोट, लॅन्सेट, पहिला थेंब.)

पहिला थेंब कोरड्या कापसानं पुसतात, दुसरा पट्टीवर घेतात. बोट दाबून दाबून रक्त काढलं, तर त्यात पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो.

‘धोका’ या रकान्यात आधी लिहिलं होतं: नाही. समितीनं ते परत पाठवलं. बोट दुखतं, क्वचित जंतुसंसर्ग होतो, हे लिहाच. आणि खरा प्रश्न पुढे आहे. यंत्रानं एखादीचा आकडा ७ च्या खाली दाखवला, म्हणजे तीव्र रक्तक्षय, तर तो फक्त अभ्यासाच्या वहीत राहणार का? आता सारांशात स्पष्ट आहे: ७ च्या खाली आकडा आला की लॅबची वाट न बघता त्याच वेळी ओपीडीच्या डॉक्टरांना सांगायचं आणि बाईला थांबवून घ्यायचं.

टोचणी एवढीशी, तरी अर्ज पूर्ण समितीपुढे गेला. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गरोदर बायांसारख्या असुरक्षित गटावरचा अभ्यास धोका किरकोळ असला तरी सगळ्या समितीनं पाहायचा असतो. १८ वर्षांखालच्या गरोदर मुली अभ्यासात घेतलेल्या नाहीत. तिथे पोक्सो कायदा येतो, आणि तो विषय वेगळा, मोठा आहे.

(दृश्य: शाईचं पॅड, अंगठा, बाजूला चष्मा लावलेली एक बाई.)

इथे जरा थांबू. पहिल्या अर्जात संमती घेणार होत्या त्या निवासी डॉक्टरच, म्हणजे तपासणाऱ्याच. डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर ‘नको’ म्हणणारी बाई या रांगेत शोधून सापडायची नाही. समितीनं सुचवलेला बदल साधा आहे: विचारायचं समाजसेवा अधीक्षकांनी, तपासणीच्या खोलीबाहेर, सासूबाई किंवा नवरा जरा लांब बसलेले असताना.

“तुमचं दंडातलं रक्त तर घेणारच आहेत. आम्हाला बोटाला एकदा जादा टोचायचंय. नको असेल तर नको म्हणा. तुमचा नंबर, गोळ्या, तपासणी, सगळं तसंच राहील.”

वाचता न येणाऱ्या बाईला माहितीपत्रक पूर्ण वाचून दाखवायचं आणि तिथे अभ्यासाशी संबंध नसलेला, वाचता येणारा साक्षीदार हवा. वॉर्डातल्या सिस्टर चालणार नाहीत. या दृश्यातल्या चष्मेवाल्या बाई शेजारच्या बाकावरच्या रुग्णाच्या आई. अंगठा त्या बाईचा, सही साक्षीदाराची, आणि एक प्रत बाईच्या पिशवीत. प्रतीवर डॉक्टरांचा आणि समितीच्या सदस्य सचिवांचा फोन नंबर. तक्रार करायची तर कुणाकडे, हे तिच्याच हातात असलेलं बरं.

(दृश्य: केसपेपर, मग कुलूपबंद कपाट.)

हिमोग्लोबिनच्या आकड्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्याच केसपेपरवर एचआयव्हीचा रिपोर्ट असतो, आधीच्या गर्भपाताची नोंद असते. म्हणून केसपेपरचा फोटो काढायचा नाही. वय, गरोदरपणाचे आठवडे आणि दोन आकडे, एवढंच उतरवायचं, तेही नावाऐवजी संकेतांकाखाली. नाव आणि संकेतांक यांची जोडी एकाच वहीत, वही विभागाच्या कपाटात, किल्ली मार्गदर्शक प्राध्यापकांकडे. संगणकावरच्या तक्त्यात नावाचा रकानाच नाही. व्हॉट्सॲपवर काही पाठवायचं नाही, हे वाक्य समितीनं मुद्दाम घालायला लावलं, आणि योग्यच केलं.

(दृश्य: मंजुरीचं पत्र, पुन्हा रांग.)

मंजुरी एक वर्षाची आहे. अभ्यास सुरू झालाय. नको म्हणणाऱ्याही आहेत. त्यांची फक्त संख्या लिहितात, नाव नाही. यंत्र लॅबच्या पुरेसं जवळ गेलं, तर आकडा कळूनच बाई एसटीत बसेल. नाही गेलं, तर तेही प्रबंधात येईल.