तापमानाच्या आलेखातली खोटी लाट

आपण एक साधा लॉगर घेऊ. एटीमेगा ३२८पी, ५ व्होल्टवर चालणारा, १० बिटांचा एडीसी. त्याला थर्मिस्टर जोडलाय आणि त्याची लांब वायर पंपाच्या केबलला लागून गेली आहे. तापमान सावकाश बदलतं, म्हणून सेकंदाला १० सॅम्पल भरपूर झाले, असा हिशोब आपण करतो. तापमानापुरता तो बरोबरही आहे.

पण आलेखात २० सेकंदांची एक सुबक लाट दिसते. पाऊण मिनिटाने तीच लाट ५० सेकंदांची होते. कुणालाही वाटेल, हवा खेळतेय.

तो असतो वायरीत शिरलेला विजेचा हम. आपल्या ग्रिडची वारंवारता नेमकी ५० हर्ट्झवर उभी राहत नाही. ती ४९.९५ असेल तेव्हा, सेकंदाला १० सॅम्पल घेणाऱ्याला ५० वजा ४९.९५, म्हणजे ०.०५ हर्ट्झच दिसतं. त्याचा आवर्तकाळ २० सेकंद. ग्रिड ४९.९८ वर गेलं की ५० सेकंद. हेच एलियासिंग. सॅम्पलिंगच्या निम्म्या दरापलीकडचं जे काही पिनवर पोचतं, ते खालच्या पट्ट्यात येऊन बसतं, आणि एकदा बसलं की खऱ्या तापमानापासून कुठलाही प्रोग्राम ते वेगळं काढू शकत नाही. म्हणून सॅम्पलिंगचा दर ठरवताना आपल्याला काय हवंय एवढंच पाहून भागत नाही. पिनवर काय काय येतंय तेही पाहावं लागतं.

खात्री कशी करायची? दर १० वरून ११ करा. खरी लाट तशीच राहील. खोटी लाट एकदम सुमारे ५ हर्ट्झवर उडी मारेल. थर्मिस्टरच्या जागी तेवढ्याच रोधाचा साधा रेझिस्टर लावूनही कळतं.

उपायात पहिला विचार आरसी फिल्टरचा येतो. १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतले तर कटऑफ १.६ हर्ट्झच्या आसपास येतो आणि ५० हर्ट्झचा हम सुमारे ३१ पट घटतो. १०० मिलिव्होल्टचे ३ उरतात; एडीसीची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे चाललं. पण एवढा कपॅसिटर बहुधा इलेक्ट्रोलिटिक असतो. त्याच्या गळतीचा १ मायक्रोअँपिअर जरी १० किलोओहममधून वाहिला, तरी १० मिलिव्होल्टची चूक येते.

म्हणून मला दुसरी वाट जास्त पटते. टायमर इंटरप्टवर सेकंदाला १००० सॅम्पल घ्या आणि दर १०० सॅम्पलची सरासरी नोंदवा. १०० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झची बरोबर ५ आवर्तनं बसतात, त्यामुळे ग्रिड ४९.९५ वर असलं तरी हम सुमारे हजारपट कमी होतो. इथे टायमर महत्त्वाचा. सॅम्पलमधलं अंतर `delay()` वर सोडलं, तर एसडी कार्डावर लिहिताना ते वाढतं आणि ही आवर्तनं पुरी बसत नाहीत.

आरसी फिल्टर तरीही लागतोच, फक्त छोटा: १ किलोओहम, १ मायक्रोफॅरड, कटऑफ १५९ हर्ट्झ. थर्मिस्टरच्या डिव्हायडरचा रोधही त्यात धरायचा, म्हणजे प्रत्यक्ष कटऑफ आणखी खाली येतो. हा फिल्टर लागतो, कारण सरासरी १००० हर्ट्झच्या पटींना अडवत नाही. पंपाला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, असेल आणि तो ४ किलोहर्ट्झने स्विच करत असेल, तर तो गोंगाट थेट शून्याजवळ उतरतो. हा फिल्टर त्याला निदान २५ पट कमी करतो. तेवढ्याने भागलं नाही, तर तशीच दुसरी आरसी जोडी मागे लावा.